"नोटेड" आलं. आता पुन्हा विचारायचं का?

निळी_शाई
एका शब्दाच्या उत्तरांवर नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढतेय. ओके, फाइन, नोटेड, ठीक, बरं. गप्पांमधली नकोत, ज्या उत्तरावर पुढचं काम अडलेलं असतं तीच घेऊ.

बोलायला सोपं जावं म्हणून एक नमुना धरू. सोमवारी सकाळी ११:२० ला वरिष्ठांना हा संदेश जातो:

"मॅडम, पुस्तिकेच्या मुखपृष्ठाचे दोन मसुदे सोबत जोडले आहेत. मला दुसरा जास्त बरा वाटतो, पण त्यात संस्थेचं नाव जरा बारीक दिसतंय. मजकूर वाढल्यामुळे ३२ ऐवजी ४० पानं होतील असं दिसतं. गुरुवारी दुपारपर्यंत छपाईला द्यायचंय. कृपया बघून घ्या."

११:२३ ला उत्तर येतं: "नोटेड."

याचा अर्थ दुसरा मसुदा मंजूर? की नुसतं वाचलं? की काहीतरी खटकलंय? पुन्हा विचारावं तर "सांगितलं ना एकदा" असं ऐकायची वेळ येते. न विचारता छापलं आणि त्यांच्या मनात पहिला मसुदा असला, तर सगळा गठ्ठा फुकट. माझा कल विचारण्याकडे आहे, पण कसं विचारायचं आणि कधी विचारायचं नाही, हे इथल्या अनुभवी लोकांकडून हवंय.

उंबरठा
नोटेड म्हणजे सरळसरळ नाराजी. ज्याला पसंत असतं तो "छान" तरी म्हणतोच. ताबडतोब फोन लावा.

रेडिओघर
उंबरठा, इतकी घाई नको. नोटेडमध्ये नाराजी असू शकते, पण त्या शब्दाचं मूळ काम ते नाही.

हाच घोळ विमानांच्या रेडिओवर होत असे, म्हणून तिथे शब्दच वाटून दिले आहेत. "रॉजर" म्हणजे तुमचं शेवटचं बोलणं मला पूर्ण मिळालं, बस. "विल्को" म्हणजे मिळालं, समजलं आणि तसंच करतो. ज्या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर लागतं, त्याला रॉजर म्हणायचं नाही असा नियम आहे. आणि धावपट्टीवर येणं, उड्डाण, उतरणं, उंची बदलणं अशा बाबतीत तर यातला कुठलाच शब्द पुरत नाही. सूचना जशी मिळाली तशी परत म्हणून दाखवावी लागते आणि समोरचा ती ताडून बघतो.

आपल्या संदेशांनाही हेच लावून बघा. उत्तर चारपैकी एका पायरीवर असतं: पोहोचलं, समजलं, मान्य आहे, मी करतो. "नोटेड" पहिल्या पायरीवरचा शब्द आहे. कधी दुसरीपर्यंत जातो, तिसरीपर्यंत स्वतःहून कधीच जात नाही. "करतो" किंवा "पाठवते" थेट चौथीवर. आणि "ओके"ची अडचण अशी की तो चारही पायऱ्यांवर चालतो. म्हणूनच तो सगळ्यात सोयीचा आणि सगळ्यात धोक्याचा.

तेव्हा आधी हे ठरवा की तुमच्या कामाला कुठल्या पायरीचं उत्तर हवंय. नमुन्यातल्या संदेशाला तिसरीचं हवं होतं, आलं पहिलीचं. म्हणजे उत्तर आलेलंच नाही. नाराजी आहे का, हा प्रश्न त्यानंतरचा.

टिंबटिंब
पायऱ्यांची कल्पना आवडली. पण पूर्णविरामाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही! "नोटेड" नाही, "नोटेड." असं आलंय. यावर संशोधन झालंय, पूर्णविराम म्हणजे राग हे सिद्ध झालंय.

मीनाक्षरे
टिंबटिंब, अर्धं बरोबर. बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांचा तो लेख २०१६ चा. १२६ विद्यार्थ्यांना छोटे संवाद वाचायला दिले, त्यात एका शब्दाची उत्तरं होती, काही पूर्णविरामासह आणि काही त्याशिवाय. मोबाइलवरच्या संदेशात पूर्णविराम असलेलं उत्तर कमी मनापासूनचं वाटलं. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत असलं तर फरक पडला नाही. म्हणजे मोजलं ते वाचणाऱ्याला काय वाटलं ते. लिहिणारा खरंच चिडला होता का, हे त्यात कुणी तपासलंच नव्हतं.

आणि ते वाचणारे सगळे महाविद्यालयातले. ज्या मॅडम पत्रव्यवहार करत मोठ्या झाल्या, त्यांच्या हातून "नमस्कार."लाही पूर्णविराम पडतो.

त्यापेक्षा खात्रीची रीत अशी: त्याच व्यक्तीची तुम्हाला आलेली मागची पंधरा-वीस उत्तरं वर सरकवून बघा. दोन मिनिटांचं काम आहे. त्या नेहमीच "नोटेड." लिहीत असतील, तर आजच्या नोटेडमध्ये स्वराचा काही निरोप नाही. एरवी "हो, छान झालंय, फक्त तारीख बघ" असं लिहिणारी व्यक्ती आज अचानक एका शब्दावर आली असेल, तर मात्र काहीतरी बदललंय. तेही राग असेलच असं नाही. ती बैठकीत असेल, प्रवासात असेल, तब्येत बरी नसेल. बदल दिसला एवढंच कळतं, कारण कळत नाही.

कडेकपारी
+१. मीही तेच म्हणणार होतो. तुलना त्या माणसाच्या नेहमीच्या लिहिण्याशी करायची, आपल्या लिहिण्याशी नाही. आपण "ओके" रागात लिहितो म्हणून समोरच्याचाही रागातलाच, इथेच घसरगुंडी होते.

गणिती
नमुन्यातल्या घड्याळाकडे बघा. संदेश ११:२० ला, उत्तर ११:२३ ला. तीन मिनिटांत दोन फाइली उतरवून, उघडून, मुखपृष्ठं शेजारी ठेवून, नावाचा आकार बघून निर्णय होत नाही. मोबाइलवर तर नाहीच. जोडण्या उघडलेल्या नाहीत असंच धरा. निळ्या खुणा दिसल्या तरी त्यांतून संदेश उघडला एवढंच समजतं.

हेच "नोटेड" संध्याकाळी साडेपाचला आलं असतं, तर बघून झाल्याची शक्यता बरीच जास्त. एका शब्दाचं वजन त्याला लागलेल्या वेळावरून पुष्कळ कळतं. उलट प्रश्न अगदी साधा होता आणि उत्तर दोन दिवसांनी "ठीक" असं आलं, तर तिथे विचार झालाय, आणि बहुधा मन पूर्ण मानलेलं नाही.

जाईजुई२
मला घरातल्याबद्दल विचारायचंय, चालेल ना? बहिणीला लिहिलं, "शनिवारऐवजी रविवारी येते, चालेल का?" तिचं उत्तर "फाइन". मी म्हटलं "नक्की?" तर परत "फाइन म्हटलं ना". तेव्हापासून फोन नाही. पहिल्या फाइनलाच मला कळायला हवं होतं का?

निळी_शाई
जाईजुई, धागा कामातल्या उत्तरांचा आहे, पण विचारलंच आहे तर कुणीतरी सांगा. फाइनचा अर्थ खरंच मलाही नीट लागत नाही.

मीनाक्षरे
फाइन कशाला उत्तर म्हणून आलाय ते बघायचं. "कशी आहेस?"ला आलेला फाइन बहुतेक वेळा नुसता रिवाज असतो. "चालेल का?"ला आलेला फाइन ही परवानगी असते, पण आवड नसते. मराठीत आपल्याकडे हा फरक शब्दांतच आहे. "चालेल" आणि "आवडेल" वेगळे. "हो गं, ये की" आणि "बरं" वेगळे. बहिणीने "बरं" म्हटलं असतं तर तुम्हाला लगेच जाणवलं असतं. फाइनमध्ये ते झाकलं जातं.

पण पहिल्या फाइनला कळायलाच हवं होतं असं मी म्हणणार नाही. अडचण "नक्की?"मध्ये झाली. त्या प्रश्नात नवीन काहीच नाही. तिला एकतर तेच परत म्हणावं लागतं किंवा आधी खोटं बोलले असं कबूल करावं लागतं. त्याऐवजी तिच्या शनिवारबद्दल विचारलं असतं, "शनिवारी काही ठरवलं होतंस का? असेल तर मी बघते माझं", तर तिला खरं सांगायला जागा मिळाली असती, आणि फाइन खरंच फाइन असता तर "नाही गं, काही नाही" म्हणून विषय संपला असता.

आता मात्र संदेश नको, फोनच करा.

उंबरठा
हेच तर मी पहिल्यापासून सांगतोय, फोन करा.

मीनाक्षरे
बहिणीला करा म्हटलं, उंबरठा. मॅडमना "तुम्ही नाराज आहात का" विचारायला ११:२४ ला फोन केला, तर एका मिनिटापूर्वी नसलेली नाराजी तयार होईल.

वाक्यरचना
मला वेगळंच दिसतंय. निळी_शाई, राग मानू नका, पण तुमच्या नमुन्यात प्रश्नच नाही. पुन्हा वाचा. दोन मसुदे आहेत, एक मत आहे, एक शंका आहे, पानांची बातमी आहे, तारीख आहे, आणि शेवटी "कृपया बघून घ्या". एकही प्रश्नचिन्ह नाही. ज्या संदेशात फक्त माहिती आहे, त्याला "नोटेड" हे अगदी योग्य उत्तर आहे.

आत दडलेले निर्णय मोजले तर तीन भरतात: कुठला मसुदा, नाव मोठं करायचं का, ४० पानं चालतील का. तीन निर्णयांना एक शब्द आला की तो कशाला लागू आहे हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही. "दुसरा घेऊ का पहिला?" याला "हो" अशी उत्तरं येतात ना, ती याच जातीची. वाचणाऱ्याने पहिला तुकडा वाचला आणि त्याचंच उत्तर दिलं.

एका शब्दाचं उत्तर येणार हे माहीत असेल, तर एका शब्दात पूर्ण होईल असाच प्रश्न विचारायचा. असं:

"मॅडम, मुखपृष्ठासाठी दुसरा मसुदा घेऊ का? (नाव दीडपट मोठं करून घेतलंय.)"

याला ओके आलं तर ते हो आहे. पानांचा प्रश्न त्याच्याखाली वेगळ्या संदेशात: "पानं ३२ ची ४० होताहेत, चालेल ना?" वेगळे दोन संदेश म्हणजे त्या त्या संदेशाला धरून उत्तर देता येतं.

निळी_शाई
वाक्यरचना, राग कसला, हे मला दिसलंच नव्हतं. "कृपया बघून घ्या"लाच मी प्रश्न समजत होते.

पण संदेश तर गेलाय आणि नोटेडही आलंय. आता तिथून पुढे काय?

वाक्यरचना
आता तोच संदेश "काही कळलं नाही" म्हणून पुन्हा ढकलायचा नाही. त्यांच्या नोटेडबद्दल बोलायचंच नाही. निर्णयाबद्दल बोलायचं आणि उत्तर तयार करून द्यायचं. दुपारी किंवा मंगळवारी सकाळी:

"मॅडम, मुखपृष्ठाचं दुसऱ्या मसुद्यावर पक्कं करतेय, नाव मोठं करून. ४० पानं. बुधवारी ४ वाजता फाइल छपाईला पाठवते. बदल हवा असेल तर त्याआधी सांगा."

यात तीनही निर्णय उघड लिहिलेत, वेळ लिहिली आहे, आणि छपाईची खरी मुदत गुरुवारची असताना बुधवारची सांगून अर्धा दिवस हाताशी ठेवलाय. त्यांना काही करायचं नसेल तर गप्प राहता येतं. करायचं असेल तर काय आणि कधीपर्यंत तेही कळतं.

मुद्रांक
इथे मी अडवते. "बदल असेल तर सांगा, नाहीतर धरून चालते" हे वाक्य सगळीकडे लावू नका. गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे. तो संदेश उघडलाच नसेल तर? आणि छपाई ही परत न घेता येणारी गोष्ट आहे. बैठकीची वेळ अशी धरून चाललात तर फार तर बैठक पुढे ढकलावी लागेल. छापलेलं मुखपृष्ठ कुणी पुसून देत नाही.

माझी साधी विभागणी अशी: चूक झाली तर अर्ध्या तासात निस्तरता येईल, तिथे गृहीत धरा आणि पुढे जा. पैसे, छपाई, तारीख जाहीर करणं, तिसऱ्या माणसाला शब्द देणं, इथे "हो" हे अक्षर डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

वाक्यरचना
मुद्रांक, तत्त्वतः बरोबर. पण काही वरिष्ठ कधीच "हो" लिहीत नाहीत. त्यांच्याकडून लेखी हो मिळवायचं म्हटलं तर एकही पुस्तिका छापून होणार नाही. तिथे वेळ लिहून पुढे जाण्याशिवाय मार्ग नसतो.

मुद्रांक
तिथे मार्ग म्हणजे जाऊन उभं राहणं किंवा फोन करणं, आणि मग "आत्ता बोललो त्याप्रमाणे दुसरा मसुदा, ४० पानं" असं लिहून ठेवणं. गृहीत धरण्यापेक्षा ते बरं. यावर आपलं जमेल असं दिसत नाही, पण वाचणाऱ्यांनी दोन्ही बाजू बघाव्यात.

एका शब्दाचं वजन किती पडू शकतं याचा एक न्यायालयातला दाखला देते. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातला. मार्च २०२१ मध्ये धान्य खरेदी करणाऱ्याने एका शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा, स्वतः सही केलेला, फोटो मोबाइलवर पाठवला आणि करार पक्का करा असं लिहिलं. शेतकऱ्याने अंगठ्याचं चित्र पाठवलं. नोव्हेंबरमध्ये जवस आलं नाही, भाव तोवर वाढले होते. शेतकऱ्याचं म्हणणं, अंगठा म्हणजे फोटो मिळाला एवढंच. म्हणजे रेडिओघर म्हणतात तो रॉजर. २०२३ मध्ये न्यायालयाने करार झाला असा निकाल दिला आणि २०२४ मध्ये अपील न्यायालयाने बहुमताने तो कायम ठेवला.

यातला खरा कळीचा भाग अंगठ्यात नाही. त्याच दोघांमध्ये आधी असेच फोटो गेले होते, त्यांना "लुक्स गुड", "ओके", "यप" अशी उत्तरं आली होती आणि प्रत्येक वेळी माल पोहोचला होता. म्हणजे त्या दोघांपुरता ओकेचा अर्थ "मान्य आहे, माल देतो" असा व्यवहारातून ठरून गेला होता. मीनाक्षरे म्हणाल्या ते मागची पंधरा-वीस उत्तरं बघणं नेमकं हेच आहे. फक्त नुसती उत्तरं बघू नका, त्या प्रत्येक ओकेनंतर काय घडलं तेही बघा. मॅडमच्या मागच्या नोटेडनंतर काम पुढे गेलं होतं, की दोन दिवसांनी "अगं, मी बघितलंच नव्हतं" असं आलं होतं?

कडेकपारी
मुद्रांक, हा दाखला फारच उपयोगी. "नोटेडनंतर काय झालं" हे शोधायचं कधी सुचलंच नसतं.

धावतीगाडी
एवढं काय त्यात? ओके म्हणजे ओके. माणसं उगाच शब्दांत अर्थ शोधत बसतात. काही बिघडलं तर बघू तेव्हा.

रेडिओघर
धावतीगाडी, बहुतेक वेळा तुमचंच खरं असतं. पण ज्या वेळी नसतं, त्याचं सगळ्यात भयंकर उदाहरण विमानवाहतुकीतच आहे, आणि ते ओकेचंच आहे.

२७ मार्च १९७७, तेनेरीफ बेटावरचा लोस रोदेओस विमानतळ, दाट धुकं. केएलएमचं ७४७ धावपट्टीच्या एका टोकाला उभं, आणि त्याच धावपट्टीवर पॅन अ‍ॅमचं ७४७ अजून चालत येत होतं. केएलएमच्या सहवैमानिकाने रेडिओवर सांगितलं की आम्ही आता टेक-ऑफला आहोत. हे वाक्य दोन्ही अर्थांनी घेता येतं: निघायला तयार आहोत, किंवा निघालोच. मनोऱ्याने उत्तर दिलं, "ओके". क्षणभर थांबून पुढे म्हटलं, टेक-ऑफसाठी थांबा, मी सांगेन. नेमक्या त्याच वेळी पॅन अ‍ॅमने आम्ही अजून धावपट्टीवर आहोत असं कळवलं. दोन्ही आवाज एकमेकांवर आदळून केएलएमच्या कॉकपिटमध्ये कर्कश शिट्टी ऐकू आली. स्पष्ट पोहोचलं ते फक्त "ओके". विमान आधीच धावू लागलं होतं. ५८३ माणसं गेली.

कारणं अनेक होती, एका शब्दावर सगळा दोष टाकता येणार नाही. पण त्यानंतर बोलण्याचे नियम कडक झाले. टेक-ऑफ हा शब्द आता फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती मागे घेताना वापरतात, एरवी डिपार्चर म्हणतात. आणि महत्त्वाच्या परवानगीला नुसतं ओके किंवा रॉजर चालत नाही.

आपल्या नमुन्याशी याचा संबंध असा: संदिग्ध वाक्याला ओके आलं की बोलणारा आपल्या मनातल्या अर्थाला ओके मिळालं असं समजतो. मनोऱ्याच्या मनात "तयार आहेत" होतं, कॉकपिटमध्ये "निघालो". शब्द एकच. म्हणून संदिग्धता उत्तरात शोधण्याआधी स्वतःच्या वाक्यात शोधा, जे वाक्यरचना सांगताहेत.

धावतीगाडी
हे माहीत नव्हतं. विचार करायला लावणारं आहे. माझं वाक्य मागे घेतो.

एकशब्दी
मी अशी उत्तरं देणाऱ्यांपैकी आहे, म्हणून दुसरी बाजू सांगते. दिवसाला शंभरेक संदेश येतात. नोटेड मी "तुमचा संदेश हरवलेला नाही" या अर्थाने लिहिते. न लिहावं तर "बघितलंत का?" म्हणून पुन्हा येतो. त्यात राग नसतो, आनंदही नसतो.

ज्यांचे संदेश मला लगेच मार्गी लावता येतात, त्यांच्यात एक गोष्ट सारखी असते: माझ्याकडून काय हवंय ते पहिल्या ओळीत असतं, कारणं खाली असतात. मोबाइलच्या पडद्यावर सूचना येते तेव्हा सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात. निळी_शाईंच्या नमुन्यात तिथे "दोन मसुदे सोबत जोडले आहेत" एवढंच दिसणार, आणि त्याला माझ्याही हातून नोटेडच जाईल.

पुन्हा विचारलेलं मला खटकत नाही. "तुम्ही रागावलात का" हे खटकतं, कारण मग काम बाजूला राहतं आणि मला समजूत घालावी लागते.

मीनाक्षरे
एकशब्दी, हे तुमच्या बाजूने आलं ते बरं झालं. पण तुमच्यासारख्यांनाही एक विनंती. लिहिणाऱ्याला आपला स्वर समोर पोहोचला असं फार सहज वाटतं. २००५ मध्ये क्रूगर, एप्ली आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं होतं. ईमेलमधलं वाक्य गंभीर आहे की उपरोधाचं, हे समोरच्याला सुमारे ७८ टक्के वेळा ओळखता येईल असा लिहिणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ५६ टक्के वेळाच ओळखता आलं, म्हणजे छापा-काटा करण्यापेक्षा जेमतेम जास्त. आवाजातून तेच ७३ टक्के. तिथे निदान पूर्ण वाक्यं होती. एका शब्दात तर स्वराला जागाच नाही.

तेव्हा नोटेडला दोन शब्दांची जोड द्या. "नोटेड, उद्या बघते." "नोटेड, तुम्ही ठरवा." ही दोन उत्तरं एकमेकांच्या अगदी उलट आहेत, आणि नुसत्या नोटेडमधून दोन्ही निघतात.

एकशब्दी
मान्य. आणि हे मान्य तिसऱ्या पायरीवरचं आहे, रेडिओघर. "उद्या बघते" आजपासून जोडते.

गणिती
किती वेळा विचारायचं, हे कुणी बोललं नाही. माझ्या मते लेखी एकदाच. त्यालाही एकच शब्द आला तर तिसरा संदेश लिहू नये, आवाजावर जावं. तिसरा संदेश लिहिताना आपली भाषा नकळत कोर्टातल्यासारखी होते, "मी दि. अमुक रोजी कळवलं होतं". आणि मुदतीला दोन तासांहून कमी उरले असतील तर पहिलाही संदेश नको, सरळ फोन. एवढ्यापुरतं उंबरठा बरोबर होते.

उंबरठा
चला, कुठेतरी बरोबर होतो. पण खरं सांगायचं तर आधी मी कारण चुकीचं दिलं होतं. फोन मुदत जवळ आली म्हणून, नाराजी ओळखली म्हणून नाही.

सावलीचं_झाड
कधी विचारायचं नाही, हा निळी_शाईंचा अर्धा प्रश्न राहिलाय. तुम्ही नुसती माहिती दिली असेल ("फाइल सामायिक फोल्डरमध्ये ठेवली"), निर्णय आधीच झालेला असेल, किंवा उत्तर हो आलं काय, नाही आलं काय, तुम्ही पुढे तेच करणार असाल, तर नोटेडवर थांबा. स्वतःला विचारून बघा: दोन संभाव्य अर्थांपैकी कुठलाही खरा निघाला तरी माझं उद्याचं काम बदलतं का? बदलत नसेल तर आपण काम विचारत नसून धीर मागतोय. त्याची गरज खोटी नसते, पण ती त्या धाग्यात नको.

निळी_शाई
सावलीचं_झाड, ही कसोटी नमुन्याला लावून बघितली. मुखपृष्ठ: अर्थ बदलला तर काम बदलतं, म्हणून विचारायचं. नावाचा आकार: दुसऱ्या मसुद्यात ते मोठं करायचंच आहे, म्हणून विचारायचंच नाही, फक्त कळवायचं. पानं: खर्च वाढतो, म्हणून विचारायचं. तिनाचे दोन प्रश्न झाले.

सगळ्यांचं ऐकून संदेश असा लिहिलाय. मंगळवारी सकाळी जाईल असं धरा:

"मॅडम, छपाईआधी दोन गोष्टींना तुमचा होकार हवाय.
१. मुखपृष्ठ: दुसरा मसुदा. (नाव मोठं केलंय, सुधारित फोटो खाली.)
२. पानं ३२ ऐवजी ४०. खर्चाचा नवा आकडा खाली दिलाय.
बुधवारी ४ वाजता फाइल जाईल. त्याआधी ३ वाजता मी फोन करते."

मुद्रांक आणि वाक्यरचना, दोघांचं थोडं थोडं घेतलंय. गृहीत धरलेलं नाही, पण वेळ लिहिली आहे. मसुदा जोडणीत न ठेवता फोटो म्हणून टाकलाय, म्हणजे फाइल उघडावी लागणार नाही.

मुद्रांक
आता याला "ओके" आलं तर मी छापायला देईन.

वाक्यरचना
मीही. फक्त "१ ओके" असं आलं तर दोनसाठी ३ चा फोन ठेवा. क्रमांक दिल्यावर लोक बऱ्याचदा एकाचंच उत्तर देतात, पण निदान कुठल्याचं ते तरी कळतं.

जाईजुई२
बहिणीला फोन केला. शनिवारी तिने सुट्टी टाकली होती.

तिसरा_कोपरा
धागा आत्ता वाचला. एक राहिलंय: हाच संदेश सहा जणांच्या गटात टाकला आणि एकानेच "ओके" लिहिलं, तर तो सगळ्यांचा धरायचा का?

रेडिओघर
नाही. रेडिओवरही सूचना ज्या विमानाला असते त्याने स्वतःचा क्रमांक सांगूनच उत्तर द्यायचं असतं, शेजारच्याने दिलेलं चालत नाही. गटात निर्णय ज्यांचा आहे त्यांचं नाव घालून विचारा, आणि ओके त्यांच्याकडूनच आलंय ना ते बघा. बाकी पाच जणांना ते फक्त कळवणं आहे. पण त्या पाचांपैकी एखाद्याची हरकत असून तो गप्प बसला असेल, तर ती कशी बाहेर काढायची याला माझ्याकडे रीत नाही. कुणाकडे असेल तर लिहा.